क्रयशक्ती समानता
क्रयशक्ती समानता : दोन देशांत वस्तू व सेवांची सारखीच टोपली विकत घेण्यास लागणाऱ्या रकमांवरून ठरणारा त्यांच्या चलनांमधील दर. ही संज्ञा स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये रूढ केली. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमानुसार २०१७ मध्ये अमेरिकेत एका डॉलरला मिळणारी टोपली भारतात सरासरी २०.६५ रुपयांना पडे. बाजारातील दर मात्र ६५.१२ रुपये होता (→ विनिमय दर). या तफावतीचे मुख्य कारण केशकर्तन, घरभाडे यांसारख्या सेवा. त्यांची आयात-निर्यात होत नाही आणि मजुरी कमी असलेल्या देशात त्या स्वस्त राहतात. म्हणून राष्ट्रीय उत्पन्नांची तुलना क्रयशक्ती समानतेच्या दराने करतात (→ राष्ट्रीय उत्पन्न). खनिज तेलाची आयात मात्र बाजारदरानेच होते. या मोजणीत एक अडचण आहे : उदाहरणार्थ, टोपलीतील तांदळाची प्रत दोन्ही देशांत वेगळी असल्यास दर्जातील फरक किमतीतील फरक म्हणून मोजला जातो.