उंच इमारतीतील पाणीपुरवठा : दाबाचे विभाग आणि दाबतोड टाकी

तळाच्या टाकीत साठवलेले पाणी पंपाने वर चढवून प्रत्येक मजल्यावरच्या नळाला वापरण्याजोग्या दाबाने पोहोचवण्याची रचना. यातला पंपाचा भाग सर्वांच्या नजरेत भरतो, पण खरी कसोटी पाणी खाली उतरवताना लागते. पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असला की त्याच्या पायथ्याशी दर चौरस सेंटिमीटरला १ किलोचा दाब पडतो. प्लंबर त्याला नुसतेच ‘एक किलो’ म्हणतात. शॉवर नीट चालायला साधारण १ किलो लागतो आणि ४ किलोंच्या पुढे नळाचे पाणी अंगावर उडते, बॉलकॉक बसत नाही, वॉशर लवकर झिजतात. म्हणजे चांगला दाब या दोन आकड्यांच्या मधल्या ३० मीटरांत असतो आणि ३ मीटर उंचीच्या मजल्यांचे गणित केले तर एका टाकीवर दहाच्या आसपास मजलेच नीट चालतात. त्याहून उंच इमारतीची उंची पाण्यासाठी तुकड्यांत वाटावी लागते. या वाटणीला दाबाचे विभाग किंवा झोनिंग म्हणतात. उंची तोडण्याची साधने दोन आहेत. एक म्हणजे मधल्या मजल्यावरची टाकी, जिच्यात पाणी हवेला उघडे पडते आणि वरचा सगळा दाब तिथेच संपतो. ती दाबतोड टाकी. ग्रामीण भागातल्या पाणी योजनांवर काम करणारे अभियंते तिला ‘बीपीटी’ म्हणून ओळखतात. दुसरे साधन म्हणजे दाब कमी करणारी झडप, अर्थात पीआरव्ही. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे असे की, झडप किती दाब तोडू शकते यावरून विभाग पाडू नयेत. ती बिघडून उघडी राहिली तर खालच्या नळावर किती दाब येईल, यावरून पाडावेत.

मुंबईत नेहमी दिसणाऱ्या प्रकारचे एक उदाहरण घेऊन हे तपासता येते. पालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक तासच येते, म्हणून तळघरात मोठी सक्शन टाकी हवीच. समजा, इमारतीला ४१ मजले आहेत आणि त्यांपैकी २५वा सेवा-मजला आहे. राहत्या ४० मजल्यांवर प्रत्येकी ४ घरे, घरटी ५ माणसे धरली तर वस्ती ८०० होते. माणशी रोज १३५ लिटर या राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या मापाने दिवसाला १,०८,००० लिटर पाणी लागते. त्यातला एक तृतीयांश वाटा फ्लशिंगचा असून त्याची टाकी आणि नळ वेगळे असतात. पुढे सांगितलेली वाटणी दोन्हींना सारखीच लागू पडते. मजल्याची उंची ३ मीटर आणि नळ जमिनीपासून १ मीटरवर धरू. गच्चीवरच्या टाकीची तळपातळी १२८ मीटरवर येते. पहिल्या मजल्याचा नळ ४ मीटरवर आहे, म्हणून एकाच गच्ची-टाकीवर सारी इमारत चालवली तर तिथे १२ किलोंहून जास्त दाब पडेल. त्याच वेळी ४१व्या मजल्याला जेमतेम ४ मीटरांचा, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी दाब मिळेल. एकाच नळाच्या एका टोकाला फुटण्याची भीती आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची बारीक धार, अशी ही अवस्था.

आता २५व्या मजल्यावर दुसरी टाकी ठेवू. तिची तळपातळी ७६ मीटर. तिच्या लगेच खालच्या २२ ते २४ या मजल्यांना तिच्यापासून पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून ते गच्चीच्या टाकीवरच ठेवावे लागतात. नकाशावर रेघ २५व्या मजल्यावर दिसत असली तरी दाबाची रेघ २१ आणि २२ यांच्यामध्ये पडते, आणि नवखा आराखडाकार चुकतो तो नेमका इथेच. सेवा-टाकीचे पाणी २१व्या मजल्याला १२ मीटरांच्या आणि १२व्या मजल्याला ३९ मीटरांच्या दाबाने थेट मिळते. त्याखालच्या ११ मजल्यांसाठी त्याच टाकीतून वेगळा उतरता नळ घेऊन त्यावर एक पीआरव्ही बसवायची. ती अशी लावायची की ११व्या मजल्याला १ किलो आणि पहिल्याला ४ किलो दाब मिळेल. वरच्या अर्ध्या भागातही असेच: ३० ते ३८ हे मजले गच्चीच्या टाकीवर थेट, २२ ते २९ एका झडपेमागे आणि सर्वांत वरच्या तीन मजल्यांना गच्चीवरचा छोटा बूस्टर पंप. खालच्या ११ मजल्यांची झडप उघडी अडकली तर पहिल्या मजल्यावर ७२ मीटरांचा, टाकी भरलेली असताना फार तर ७४ मीटरांचा दाब येईल. १० किलोंच्या दर्जाचा नळ हा ताण सोसतो. गच्चीवरून सरळ आलेल्या नळावरची झडप अशीच अडकली तर १२४ मीटर अंगावर येतात, आणि गीझरला जोडलेल्या लवचीक नळ्या तेवढ्यासाठी केलेल्या नसतात. शिवाय सीपीव्हीसी नळात ८२ अंशांचे पाणी असेल तर त्याची दाब सोसण्याची ताकद २३ अंशांवरच्या ताकदीच्या पाव इतकीच उरते. म्हणून गरम पाण्याच्या बाजूला जादा दाब सर्वांत आधी घात करतो.

यावर बांधकाम व्यावसायिकांचा पहिला आक्षेप असतो की, झडपा एकामागोमाग एक लावून हेच काम होते. मग न विकता येणारा मजला कशाला अडकवायचा? आक्षेप वजनदार आहे. चांगली झडप स्वच्छ पाण्यात वर्षानुवर्षे काम करते, हेही खरे. पण तिच्या बिघाडाची रीत फसवी आहे. बैठकीवर वाळूचा कण किंवा गंजाची खपली अडकली की झडप पूर्ण मिटत नाही. दिवसा नळ चालू असतात तेव्हा पाणी वाहत राहते, दाब बरोबर दिसतो आणि कुणाला काही कळत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळे नळ बंद असताना त्या फटीतून पाणी झिरपत राहते आणि खालच्या बाजूचा दाब हळूहळू वरच्या बाजूइतका होतो. पहाटे एखाद्या बंद घरातली नळी सुटते ती याच वेळी. बिघाड ओळखायचा तर झडपेच्या खालच्या बाजूचा दाबमापक रात्री, वापर थांबल्यावर वाचावा; काटा लावलेल्या आकड्यावर स्थिर न राहता वर सरकत असेल तर बैठक गळते आहे. गीझरच्या सुरक्षा-झडपेतून सतत ठिबकणारे पाणी आणि बॉलकॉकचा सुं-सुं आवाज ही घरात दिसणारी लक्षणे. म्हणून प्रत्येक जागी दोन झडपा समांतर, आधी गाळणी, दोन्ही बाजूंना दाबमापक आणि खाली एक सुटका-झडप एवढे हवेच. मोठी झडप एकटी बसवली तर थोड्या वापरात ती खडखडते. तिच्या जोडीला लहान झडप द्यावी. हे सारे केले तरी झडप हा हलणारा भाग राहतोच. उघड्या पाण्याच्या पातळीत बिघडण्यासारखे काही नसते, म्हणून मोठा टप्पा टाकीने तोडावा आणि झडपेकडे लहान टप्पाच द्यावा.

टाकीही निर्दोष नसते. २५व्या मजल्यावर २०,००० लिटरांचा साठा म्हणजे नुसत्या पाण्याचेच २० टन वजन, आणि ते रचनाकाराला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवे. पातळी सांगणारा स्विच बिघडला की पंप थांबत नाही आणि पाणी खालच्या घरांत उतरते. मधल्या टाकीचा हा धोका झडपेच्या धोक्याइतकाच खरा आहे. फरक एवढाच की त्यावरचा उपाय साधा आहे. ओव्हरफ्लोचा नळ भरणाऱ्या नळापेक्षा मोठा घ्यावा आणि त्याचे तोंड चौकीदाराला दिसेल अशा जागी सोडावे, म्हणजे बिघाड लपत नाही. टाकीखालच्या जमिनीला निचरा आणि उंबरठा द्यावा. टाकीचे दोन कप्पे केले की एक धुताना दुसरा चालतो. पाणी आत येणारे तोंड भरलेल्या पातळीच्या वर मोकळ्या हवेत ठेवले की साठलेले पाणी उलटे ओढले जात नाही.

मधल्या टाकीने वीज वाचते, हा तिच्या बाजूने हमखास दिला जाणारा मुद्दा मात्र जपून मांडावा. आपल्या उदाहरणात खालच्या २१ मजल्यांचे सुमारे ५६,७०० लिटर पाणी गच्चीऐवजी २५व्या मजल्यापर्यंतच चढते, म्हणजे ५२ मीटरांची चढण वाचते. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर रोज साधारण १३ युनिट होतात. १६० घरांमध्ये वाटल्यावर ही बचत किरकोळ आहे; तिच्यावर सेवा-मजल्याचे समर्थन उभे राहत नाही.

दोन टाक्यांना पाणी कसे द्यायचे, हा वेगळा निर्णय आहे. तळातून २५व्या मजल्यावर आणि तिथून दुसऱ्या पंपाने गच्चीवर, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग घेतला तर खालच्या नळावरचा दाब कमी राहतो. पण मधली टाकी रिकामी पडली की वरचे सगळे कोरडे पडतात, आणि घरांच्या मधोमध पंपाचा आवाज येतो. १२५ मीटरांच्या आसपासच्या इमारतीत तळातूनच दोन स्वतंत्र रायझिंग मेन नेणे अधिक बरे, कारण त्या नळाला घरातला एकही जोड नसतो आणि जाड पोलादी नळ १३-१४ किलो सहज पेलतो. दोनशे मीटरांपलीकडे मात्र टप्पे टाळता येत नाहीत. चढत्या नळाला खरी भीती वीज जाण्याची असते. पंप थांबताच वर जाणारा स्तंभ थबकतो, उलटा फिरतो आणि झुलत्या पाळीची परत-झडप उशिरा आपटते. पोलादी नळात सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकदम अडले तर सुमारे १२ किलोंचा जादा धक्का बसतो आणि तो आधीच्या १३ किलोंवर चढतो. म्हणून स्प्रिंगची, प्रवाह उलटण्याआधीच मिटणारी परत-झडप घ्यावी आणि वेग दीड मीटरच्या आत ठेवावा. वीज जाताना डक्टमधून दणका ऐकू येत असेल तर दोष बहुधा याच झडपेत असतो.

गच्चीची टाकीच नको, तळातल्या बूस्टर पंपांनीच प्रत्येक विभागाला थेट पाणी द्यावे, असेही सुचवले जाते. यात जागा वाचते आणि पाणी ताजे राहते. परंतु त्यात पाणी विजेवर टांगलेले असते. मोटर थांबली की ४० मजल्यांचे नळ त्याच क्षणी थांबतात. उंचावरचा साठा असला तर वीज नसतानाही काही तास नळ चालतात. वरच्या तीन मजल्यांच्या बूस्टरलाही याच कारणाने परत-झडपेचा बायपास द्यावा. मग वीज नसताना ३९व्या मजल्याला १० मीटरांचा, ४०व्याला ७ आणि ४१व्याला ४ मीटरांचा दाब आपसूक मिळतो. शॉवर चालणार नाही, पण बादली भरेल.

आराखडा मंजूर करणाऱ्याने प्रत्येक पीआरव्हीसमोर ती उघडी अडकल्यावर सर्वांत खालच्या नळावर येणारा दाब लिहून मागावा. तो आकडा त्या विभागातल्या सर्वांत कच्च्या नळीच्या दर्जाहून जास्त असेल, तर त्या झडपेच्या जागी टाकी यायला हवी.