घरपोच जेवणाच्या वेळेचे वचन

ॲपवरून मागवलेले जेवण किती मिनिटांत दारात येईल, याचा ऑर्डर घेतानाच दिलेला अंदाज. तो मुख्यतः तीन गोष्टींवरून काढतात: स्वयंपाकघर आणि ग्राहक यांच्यातील अंतराची मर्यादा (त्रिज्या), पदार्थ तयार व्हायला लागणारा वेळ आणि रायडरचा सरासरी वेग. तिन्हींचे वजन मात्र सारखे नाही. वचन खरे ठरते ते बहुतांशी त्रिज्या आणि स्वयंपाकघर यांच्या जोरावर. वेग वाढवून त्यात फारच थोडी भर पडते आणि ती भर रायडरच्या जिवाशी खेळून मिळते.

हे हिशेबाने तपासण्यासाठी ‘झोमॅटो इन्स्टंट’चे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्या योजनेमागचे आकडे कंपनीनेच जाहीर केले होते. मार्च २०२२मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी दहा मिनिटांत जेवण पोहोचवण्याची घोषणा केली आणि सुरुवात गुरुग्रामपासून होईल असे सांगितले. रस्त्यांवर अपघात वाढतील अशी टीका लगेच सुरू झाली. त्यावर कंपनीने खुलासा केला. मागणीच्या भागाजवळ छोटी स्वयंपाककेंद्रे असतील, ठरावीक पदार्थ तिथे दोन ते चार मिनिटांत तयार होतील, रायडरला सरासरी एक ते दोन किलोमीटरच जावे लागेल आणि ताशी २० किलोमीटर वेगाने त्याला तीन ते सहा मिनिटे लागतील, असा तो हिशेब होता. दोन टोके जोडली तर चार अधिक सहा म्हणजे बरोबर दहा मिनिटे. बेरीज चुकलेली नाही. तिच्यात काय धरलेले नाही, तो खरा प्रश्न आहे.

पहिली उणीव अंतराची आहे. नकाशावर काढलेले वर्तुळ हवाई अंतर दाखवते, रायडर मात्र रस्त्याने जातो. दुभाजक, यू-टर्न, एकेरी मार्ग आणि सोसायटीचे नेमके पलीकडच्या बाजूला असलेले फाटक यांमुळे रस्त्याचे अंतर हवाई अंतराच्या सव्वा ते दीडपट होते. इथे १.३ पट धरू. शिवाय वर्तुळाचे बहुतेक क्षेत्रफळ कडेकडे असते. त्रिज्या दोन किलोमीटर असेल आणि ग्राहक सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर त्यांतले निम्मे १.४ किलोमीटरच्या पलीकडे राहतात. म्हणून केंद्राजवळच्या ग्राहकावरून सगळ्या वर्तुळाचे वचन ठरवता येत नाही. कडेच्या ग्राहकापर्यंत रस्ता २.६ किलोमीटर होतो. ताशी २० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटे, तेव्हा नुसत्या प्रवासालाच सुमारे आठ मिनिटे जातात.

दुसरी उणीव प्रवासाच्या दोन्ही टोकांना आहे. पार्सल ओळखून हातात घ्यायला एक मिनिट, तर इमारतीपाशी गाडी लावणे, फाटकावर नोंद, लिफ्टची वाट आणि दारापर्यंतची चाल यांना तीन मिनिटे धरली, तर ती जास्त म्हणता येणार नाहीत. आता उलट दिशेने हिशेब करू. दहांतून पदार्थाची तीन, हस्तांतराचे एक आणि इमारतीतली तीन मिनिटे वजा केली की रस्त्यासाठी तीनच उरतात. तेवढ्यात एक किलोमीटर होतो, म्हणजे त्रिज्या पाऊण किलोमीटरच्या जेमतेम वर. दोन किलोमीटरच्या वर्तुळाच्या तुलनेत या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे एक सप्तमांश भरते. तोच भाग सांभाळायला जवळजवळ सातपट केंद्रे लागतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला मागणीचा सातवा हिस्सा येईल. उलट, केंद्रे न वाढवता वेगानेच ही तूट भरायची म्हटले, तर २.६ किलोमीटर तीन मिनिटांत कापायला ताशी ५२ किलोमीटरचा सरासरी वेग हवा. सिग्नल आणि वळणे धरून शहरात ही सरासरी नियम मोडल्याशिवाय गाठता येत नाही. म्हणजे वचन टिकते ते जवळच्या केंद्रामुळे, आणि त्याची किंमत जागेच्या भाड्यात मोजावी लागते.

नेहमीच्या रेस्टॉरंटमधून येणाऱ्या अर्ध्या तासाच्या ऑर्डरीत अडचण वेगळीच असते. तिथे पदार्थ शिजत असतानाच रायडर रेस्टॉरंटकडे निघालेला असतो. त्यामुळे हे दोन वेळ एकमेकांत मिळवत नाहीत, त्यांतला जो मोठा तो धरतात. पण पदार्थ किती वेळात तयार होतो, हे ॲपला कसे कळते? रेस्टॉरंट ‘ऑर्डर तयार’ असे बटण दाबते त्यावरून, आणि गर्दीच्या वेळी ते बटण बऱ्याचदा रायडर समोर येऊन उभा राहिल्यावरच दाबले जाते. तशा नोंदींत पदार्थाचा वेळ म्हणून प्रत्यक्षात रायडरच्या येण्याचा वेळ साठतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. रायडर लवकर पोहोचला त्या दिवशी स्वयंपाकही लवकर झालेला दिसतो आणि तो उशिरा आला की स्वयंपाकही लांबलेला दिसतो. म्हणून बटणापेक्षा रायडर दुकानापाशी पोहोचल्याची जीपीएस नोंद आणि पार्सल हाती आल्याची नोंद यांतले अंतर अधिक भरवशाचे. ते रोज संध्याकाळी वाढत असेल, तर स्वयंपाकघर कमी पडते आहे. अशा वेळी उशिराचा ठपका रस्त्यावर ठेवणे चूक ठरते.

यावर पहिला आक्षेप असा की सरासरी जुळली की पुरे, थोडे मागेपुढे होणारच. पण सरासरीएवढे वचन दिले तर जवळपास निम्म्या ऑर्डरी उशिरा पोहोचतात. दहांपैकी नऊ वेळा शब्द पाळायचा असेल, तर बहुतेक ऑर्डरी ज्या वेळेच्या आत पोहोचतात ती वेळ सांगावी लागते आणि ती सरासरीपेक्षा बरीच मोठी असते. पाऊस, सामन्याची रात्र, सणाची संध्याकाळ यांत हे अंतर आणखी रुंदावते. अशा वेळी प्रामाणिक उपाय दोनच राहतात: सांगितलेली वेळ वाढवणे किंवा त्रिज्या आखडून कडेच्या ग्राहकांची ऑर्डर न घेणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रायडरला वेळेचे वचन सांगितलेच जात नाही, उशिराबद्दल दंड नाही आणि वेळेवर पोहोचल्याबद्दल बक्षीसही नाही, मग दडपण कुठून येणार? झोमॅटोने तेव्हा हेच उत्तर दिले होते आणि त्यात तथ्य आहे. वेळेची हमी असली की काय होते, हे अमेरिकेत दिसले आहे. डॉमिनोजने तिथली ३० मिनिटांची हमी डिसेंबर १९९३मध्ये मागे घेतली. त्याआधी सेंट लुईसमधील एका ज्यूरीने डॉमिनोजच्या चालकामुळे झालेल्या अपघातात जखमी झालेल्या महिलेला साडेसात कोटी डॉलरहून अधिक भरपाई देण्याचा निर्णय दिला होता. पण दंड काढला की दडपण संपते, असे मात्र नाही. मोबदला फेऱ्यांच्या संख्येवर असेल, तर स्वयंपाकघराने खाल्लेले प्रत्येक मिनिट रायडरच्या कमाईतून जाते आणि ते भरून काढायला त्याच्या हाती रस्त्यावरचा वेग तेवढा असतो. रेस्टॉरंटमध्ये थांबलेल्या वेळेचे पैसे वेगळे मिळाले, तर ही ओढ कमी होते. शिवाय मग स्वयंपाकघराच्या उशिराचा खर्च कंपनीच्या हिशेबात दिसू लागतो.

पुढे स्विगीने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘बोल्ट’ ही सेवा आणली. तिच्यात रेस्टॉरंट दोन किलोमीटरच्या आतले आणि पदार्थ झटपट भरून देता येणारे, अशी अट ठेवली. बर्गर, थंड पेये, आइस्क्रीम किंवा आधीच शिजवून ठेवलेली बिर्याणी अशा यादीत चपखल बसतात, कारण त्यांना नव्याने चूल पेटवावी लागत नाही. मागवल्यावर भाजायची तंदुरी रोटी किंवा ताजा तळायचा पदार्थ त्या यादीत टाकला, की तयारीचा वेळच दहा मिनिटांपलीकडे जाऊ शकतो आणि मग त्रिज्या कितीही आखडली तरी वचन पाळता येत नाही.