वाचलेला तास कुणाचा? रोजंदारी, नगावर मजुरी आणि प्रीमियम बोनस

मागच्या खेपेला आपण कारखान्यात घड्याळ कसं आलं ते पाहिलं. आज त्याच घड्याळाचा पुढचा हिशेब करायचा आहे. कामगाराला पैसे कशाचे द्यायचे, त्याने दिलेल्या वेळेचे की त्याने केलेल्या मालाचे? वरवर पाहता हा कारकुनाच्या वहीतला प्रश्न आहे. पण १८९० ते १९१४ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमधल्या यंत्रशाळांत याच प्रश्नावर मालक आणि कामगार वर्षानुवर्षं झगडत होते.

आपण एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. लेथवर एक दांडा कातायचा आहे. या कामाला दहा तास लागतात असं ठरलं आहे आणि कामगाराचा दर तासाला सहा पेन्स आहे. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, रीत मात्र त्या काळातलीच आहे.

पहिली पद्धत रोजंदारीची. दहा तास लागले तर साठ पेन्स. कामगाराने जोर लावून सहा तासांत दांडा काढला तर त्या दांड्याची मजुरी छत्तीस पेन्स पडते. चोवीस पेन्स वाचले, आणि ते सगळे मालकाचे. कामगाराच्या हातात तासाला तेच सहा पेन्स. मग त्याने घाई का करावी? तो दहा तासच लावतो, आणि मुकादम मागे उभा राहिला तर साडेनऊ.

दुसरी पद्धत नगावर मजुरीची, ज्याला आपल्याकडे उक्तं काम किंवा अंगावरचं काम म्हणतात. दांड्यामागे साठ पेन्स, वेळ किती का लागेना. सहा तासांत केला तर कामगाराला तासाला दहा पेन्स पडतात. मालकाची दांड्यामागची मजुरी साठच राहते. आता तुम्ही म्हणाल, मग यात मालकाचा काय फायदा? फायदा आहे, पण तो मजुरीच्या रकान्यात दिसत नाही. भाडं, वाफेचं इंजिन, यंत्राची झीज, मुकादमाचा पगार हा वरखर्च तासाला सहा पेन्स धरू. दहा तासांच्या दांड्यावर मजुरी साठ आणि वरखर्च साठ, मिळून एकशेवीस. सहा तासांच्या दांड्यावर मजुरी साठ, वरखर्च छत्तीस, एकूण शहाण्णव. म्हणजे मजुरीला हात न लावताही नग चोवीस पेन्सनी स्वस्त झाला.

इथे गोष्ट थांबली असती तर दोघंही खूश राहिले असते. पण मालकाची नजर पगाराच्या वहीवर असे. शेजारचा माणूस तासाला सहा घेतो आणि हा दहा नेतो, म्हणजे दर चुकीचा लागला, असं तो म्हणे, आणि साठाचे पंचेचाळीस करी. आता सहा तासांत केलं तर तासाला साडेसातच. आणि पूर्वीचे दहा मिळवायचे तर साडेचार तासांत दांडा काढायला हवा. दरकपात एकदा झाली की सगळा कारखाना शहाणा होतो. कुणीही ठरावीक मर्यादेच्या पुढे जात नाही, आणि जो जातो त्याला सोबती समजावतात. फ्रेडरिक टेलरने १८९५ च्या आपल्या निबंधात याचीच तक्रार केली. वहीत हे ओळखता येतं: वेगवेगळ्या हातांचे, नवख्यांचे आणि मुरलेल्यांचे, आकडे एकाच ठिकाणी येऊन थांबलेले दिसले की समजावं, इथे कधीतरी दर कापला गेला आहे.

यावर तोड काढली फ्रेडरिक हॅल्सी या अभियंत्याने. त्याने १८९१ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपली प्रीमियम योजना मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. तासाचा दर पक्का, तो बुडणार नाही. शिवाय जितका वेळ वाचेल त्याच्या मजुरीचा काही हिस्सा कामगाराला. हा हिस्सा बहुधा एक तृतीयांश ते निम्मा असे. आपण निम्मा धरू. सहा तासांत दांडा झाला: सहा तासांचे छत्तीस, वाचलेल्या चार तासांच्या चोवीसपैकी बारा, एकूण अठ्ठेचाळीस. कामगाराला तासाला आठ पेन्स, मालकाला दांडा साठाऐवजी अठ्ठेचाळिसात. उक्त्यापेक्षा कामगाराला कमी मिळतं हे खरं, पण मजुरी आपोआप उतरत असल्याने दर कापायचा मोह होणार नाही, हा हॅल्सीचा हिशेब.

तरी एक भोक राहिलंच. ठरवलेला वेळच चुकला असेल तर? दहा तासांचं काम खरं तर दोन तासांचं निघालं तर हॅल्सीच्या रीतीने बारा आणि चोवीस, म्हणजे छत्तीस पेन्स, तासाला अठरा! ग्लासगोत जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या जेम्स रोवनने १८९८ मध्ये हे भोक बुजवलं. ठरल्या वेळेपैकी जितके टक्के वेळ वाचला, तितके टक्के मजुरीत वाढ. सहा तासांत केलं तर चाळीस टक्के वाचले. छत्तिसावर चाळीस टक्के, म्हणजे पन्नास पूर्णांक चार दशांश पेन्स, तासाला आठ पूर्णांक चार. इथे कामगाराला हॅल्सीपेक्षा थोडं जास्तच. पाच तासांवर दोघांचे आकडे जुळतात, पंचेचाळीस पेन्स, तासाला नऊ. त्याच्या खाली गेलं की पारडं फिरतं. दोन तासांत केलं तर रोवन देतो एकवीस पूर्णांक सहा, तासाला फक्त दहा पूर्णांक आठ. कितीही धाव, तासाचा दर कधीच दुप्पट होत नाही.

आणि आणखी एक गंमत पाहा. रोवनच्या रीतीत आठ तासांत दांडा काढणाऱ्याला दांड्यामागे बोनस नऊ पूर्णांक सहा पेन्स, आणि दोन तासांत काढणाऱ्यालाही तेवढाच. कामगारांना हे कळायला बीजगणित लागलं नाही. पगाराच्या दिवशी कळलं.

१९०२ मध्ये कार्लाइल इथे ब्रिटनमधली अभियांत्रिकी कामगारांची संघटना आणि मालकसंघ यांच्यात समझोता झाला. संघटनेने प्रीमियम बोनस मान्य केला, पण अटींवर: तासाचा दर कोणत्याही परिस्थितीत मिळालाच पाहिजे, आणि कामाची पद्धत बदलल्याशिवाय ठरलेला वेळ बदलायचा नाही. दुसरी अट नीट बघा. दर कापता येत नसेल तर वेळ कापता येतो. नवं हत्यार दिलं, थोडी सोय केली, की ‘पद्धत बदलली’ म्हणून दहाचे आठ तास करायचे. आपला सहा तासांवाला माणूस मग हॅल्सीच्या रीतीने अठ्ठेचाळीसवरून बेचाळिसावर येतो, तासाला आठवरून सातवर. दर जागचा हललेला नसतो!

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत ही बोनस योजना रुजली नाही, पण भांडण तेच होतं. साचाखात्यातला विणकर मालावर मजुरी घेई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात एका माणसाने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. साचे वाढले की माणसाची कमाई थोडी वाढते, वारामागची मजुरी उतरते, आणि काही हात बेकार होतात. मालकांनी मांडलेल्या एकसारख्या दरपत्रकाची छाननी मग फॉसेट समितीकडे गेली.

म्हणून कुठलीही मजुरी योजना समोर आली की आम्ही तीन गोष्टी विचारतो. कमीत कमी तासाचा दर पक्का आहे का? वाचलेल्या तासातला कुणाचा वाटा किती? आणि ठरलेला वेळ कोण ठरवतं, तो कोण आणि केव्हा बदलू शकतं? पहिल्या दोघांची उत्तरं सूत्रात सापडतात. तिसऱ्याचं सापडत नाही, आणि संप बहुधा तिसऱ्यावरूनच होतात.