वेढलेले क्षेत्र आणि आक्रमिलेले क्षेत्र : हृदयाभाच्या कोनसीमांचा पूर्वेतिहास

ध्रुवीय सहनिर्देशकांत मांडलेल्या वक्राचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र पदवीच्या पहिल्या वर्षापासून परिचित असते. ध्रुवापासून निघणारी त्रिज्या r ही कोन θ बरोबर बदलत असेल, तर त्रिज्येने आक्रमिलेले क्षेत्र ½∫r² dθ इतके असते. कोन अत्यल्प वाढला असता जी निमुळती पाकळी तयार होते, ती वर्तुळाच्या पाकळीसारखी मानता येते व तिचे क्षेत्रफळ ½r² dθ भरते, एवढेच या सूत्राचे मर्म. सूत्राविषयी वाद नाही. वाद उत्पन्न होतो तो संकलनाच्या दोन सीमांविषयी, आणि त्याचे मूळ गणितक्रियेत नसून भाषेत आहे. प्रश्नात 'वक्राने वेढलेले क्षेत्र' विचारलेले असते. सूत्र मात्र 'त्रिज्येने आक्रमिलेले क्षेत्र' देते. ही दोन पदे पुष्कळदा एकाच क्षेत्राचा निर्देश करतात, म्हणूनच ती समानार्थक आहेत असा भास होतो. ती केव्हा विलग होतात, हे पाहण्यासाठी या विषयाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सर्पिल वक्रावर एक प्रबंध लिहून तो डोसिथिअस यास धाडला. एक किरण एका टोकाभोवती समान वेगाने फिरतो आहे आणि त्याच किरणावरून एक बिंदू त्या टोकापासून समान वेगाने दूर जातो आहे, अशी कल्पना केली म्हणजे तो बिंदू जो मार्ग रेखाटतो तो हा सर्पिल होय. आजच्या चिन्हांत r = aθ. आर्किमिडीजजवळ ना कोनाचे चिन्ह होते ना संकलनाचे. परंतु त्याच्याजवळ एक नेमकी परिभाषा होती, आणि तिच्याकडे गणिताच्या इतिहासकारांनी दिले तितके लक्ष अध्यापनात दिले गेलेले नाही. पहिल्या फेऱ्याच्या अखेरीस जी त्रिज्या लाभते ती 'पहिली रेषा', तिने काढलेले वर्तुळ ते 'पहिले वर्तुळ'. दुसऱ्या फेऱ्याच्या अखेरीस 'दुसरे वर्तुळ', आणि याप्रमाणे पुढे. फेऱ्यांना दिलेले हे क्रमांक म्हणजेच त्याच्या कोनसीमा होत.

चोविसाव्या प्रमेयात तो सिद्ध करतो की पहिल्या फेऱ्याने व पहिल्या रेषेने वेढलेले क्षेत्र पहिल्या वर्तुळाच्या एकतृतीयांश असते. सिद्धतेची रीत आजच्या वाचकासही मोहविणारी आहे. पूर्ण फेऱ्याचे समान कोनांचे भाग केले असता प्रत्येक भागात सर्पिलाच्या आत बसणारी एक आणि सर्पिलास बाहेरून झाकणारी एक, अशा वर्तुळाच्या दोन पाकळ्या काढता येतात. एका भागाची बाहेरची पाकळी ही पुढच्या भागाच्या आतल्या पाकळीएवढीच असते. त्यामुळे बाहेरच्या सर्वांची बेरीज व आतल्या सर्वांची बेरीज यांत केवळ शेवटच्या एका पाकळीचे अंतर उरते, आणि भाग वाढवीत गेल्यास ते हवे तितके लहान करता येते. त्रिज्या समान अंतराने वाढत असल्यामुळे प्रश्न अखेर क्रमागत वर्गांच्या बेरजेवर येऊन ठेपतो, आणि एकतृतीयांश हा अपूर्णांक त्या बेरजेतून निघतो.

यापुढचे पंचविसावे प्रमेय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. दुसऱ्या फेऱ्याने व दुसऱ्या रेषेने वेढलेले क्षेत्र दुसऱ्या वर्तुळाशी ७ : १२ या प्रमाणात असते, असे ते सांगते. प्रथमदर्शनी हा आकडा विचित्र वाटतो. पहिल्या फेऱ्यात एकतृतीयांश, तर दुसऱ्यात सात-द्वादशांश का? आजच्या सूत्राने पडताळा घ्यावयाचा झाल्यास θ₁ पासून θ₂ पर्यंतचे क्षेत्र a²(θ₂³ − θ₁³)/6 इतके येते. पहिल्या फेऱ्याचे क्षेत्र ८ भाग मानले तर पहिले वर्तुळ २४ भागांचे ठरते. त्रिज्या दुप्पट असल्याने दुसरे वर्तुळ ९६ भागांचे. दुसऱ्या फेऱ्यात कोन 2π पासून 4π पर्यंत जातो, म्हणून क्षेत्र ६४ − ८ म्हणजे ५६ भाग. आणि ५६ : ९६ हेच ७ : १२.

आता एखाद्या विद्यार्थ्याने सर्पिल ध्रुवापासून सुरू होतो म्हणून संकलनही शून्यापासून सुरू करून 4π पर्यंत नेले, तर त्याचे उत्तर ६४ भाग येईल, म्हणजे दुसऱ्या वर्तुळाच्या दोनतृतीयांश. हे उत्तर चुकीचे आहे, पण निरर्थक नाही. त्रिज्येने दोन फेऱ्यांत मिळून तेवढे क्षेत्र खरोखरच आक्रमिले आहे. मात्र पहिल्या फेऱ्यातील ८ भाग दुसऱ्या फेऱ्यात त्रिज्येने पुन्हा ओलांडले, आणि बेरजेत ते दोनदा आले. दुसऱ्या फेऱ्याची त्रिज्या ध्रुवापासूनच निघते व पहिल्या फेऱ्याचे सारे क्षेत्र वाटेतच गिळून पुढे जाते; म्हणून वेढलेले क्षेत्र हवे असेल तर केवळ अखेरचा फेराच मोजावयाचा. सत्ताविसाव्या प्रमेयात तर आर्किमिडीज दोन फेऱ्यांमधला पट्टा वेगळा काढून दाखवितो : ५६ मधून ८ वजा जाता ४८, म्हणजे पहिल्या क्षेत्राच्या सहापट. एकाच आकृतीतील तीन निरनिराळ्या क्षेत्रांना त्याने तीन निरनिराळी वर्णने दिली आहेत, आणि ती एकमेकांत कोठेही मिसळू दिलेली नाहीत.

हाच सर्पिल बोनाव्हेंतुरा काव्हालिएरी याने १६३५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पुन्हा हाताळला. त्याने पाकळ्यांऐवजी ध्रुवाभोवतीचे समकेंद्री कंस घेतले आणि ते सरळ करून एकापुढे एक मांडले, तेव्हा सर्पिलाचे रूपांतर अन्वस्तात होऊन एकतृतीयांश अनायासे हाती आला. येथे कोनाच्या सीमा दिसतच नाहीत. त्यांची जागा कंसाच्या लांबीने घेतलेली असते.

सर्पिलातील दुहेरी मोजणी निदान डोळ्यांना दिसते, कारण फेरे एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात. बंद वक्रांत ती लपते, आणि तिचे उत्कृष्ट उदाहरण एत्येन पास्काल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वक्राचे आहे. हा प्रसिद्ध ब्लेझ पास्कालचा पिता. वक्र त्याच्याही पूर्वीचा आहे. १५२५ साली आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या मापनविषयक पुस्तकात त्याची आकृती दिलेली आढळते. रोबेर्व्हालने स्पर्शिकेच्या आपल्या रीतीचे उदाहरण म्हणून तो घेतला व त्यास 'लिमासाँ' म्हणजे गोगलगाय हे नाव दिले. त्याची जुनी व्याख्या अशी : वर्तुळाच्या परिघावर एक स्थिर बिंदू घ्यावा, त्यातून जाणारी रेषा परिघास पुन्हा जेथे छेदते तेथून तिच्यावर दोन्ही अंगांस ठराविक लांबी मोजावी, आणि रेषा फिरवीत जावे. 'दोन्ही अंगांस' या शब्दांकडे लक्ष असावे. त्या एका शब्दयुग्मामुळे रेषा अर्धा फेरा फिरली की संपूर्ण वक्र पुरा होतो.

बीजगणिताने हे वर्णन संक्षिप्त केले. वर्तुळाचा व्यास d व मोजावयाची लांबी b असल्यास r = b + d cos θ हे एकच समीकरण पुरते; दुसरे अंग दाखविण्याचे काम उरलेल्या अर्ध्या फेऱ्यावर सोपविले जाते. पण या संक्षेपाची किंमत द्यावी लागते. b जर d पेक्षा लहान असेल, तर काही कोनांसाठी r ऋण होते, आणि संकेताप्रमाणे तो बिंदू विरुद्ध दिशेस घ्यावा लागतो. व्यास २ व लांबी १ घेऊन r = 1 + 2 cos θ हा वक्र पाहावा. θ शून्य असता बिंदू ध्रुवापासून ३ अंतरावर उजवीकडे असतो; 120° ला तो ध्रुवावर येतो; 180° ला r = −1, म्हणजे बिंदू डावीकडे नसून उजवीकडे १ अंतरावर; 240° ला पुन्हा ध्रुवावर. या मधल्या 120° मध्ये बाहेरच्या वेढ्याच्या आत एक लहानसा फास तयार होतो.

या वक्राने वेढलेले क्षेत्र काढण्यासाठी 0 ते 2π अशा सीमा घेतल्यास उत्तर 3π म्हणजे सुमारे ९.४२ येते. सूत्रात r चा वर्ग असल्यामुळे ऋणचिन्ह निमूटपणे नाहीसे होते. गणित करणाऱ्यास कसलीही सूचना मिळत नाही. वस्तुतः बाहेरचा वेढा −120° ते 120° या कोनांतच पुरा होतो व त्याचे क्षेत्रफळ 2π + 3√3/2, सुमारे ८.८८ भरते. आतील फासाचे 120° ते 240° या सीमांतून π − 3√3/2, सुमारे ०.५४ येते. दोहोंची बेरीज बरोबर 3π. म्हणजे फासाचे क्षेत्र, जे बाहेरच्या वेढ्यात आधीच समाविष्ट आहे, ते दुसऱ्यांदा मोजले गेले. आर्किमिडीजच्या सर्पिलात शून्यापासून सुरुवात केल्याने जे झाले, तेच येथे वेगळ्या वेषात झाले आहे. दोन वेढ्यांमधील जागा हवी असेल तर फास पुन्हा एकदा वजा करावा लागतो आणि π + 3√3 येते.

हृदयाभाचे स्थान यातून स्पष्ट होते. लांबी b ही व्यास d एवढीच घेतली म्हणजे r = a(1 + cos θ) हा वक्र मिळतो. त्यास 'कार्डिऑइड' हे नाव योहान कास्तियाँने १७४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मधील लॅटिन लेखात दिले. 'कार्डिया' म्हणजे हृदय या ग्रीक शब्दावरून ते घडविले आहे, आणि मराठी 'हृदयाभ' त्याचाच अनुवाद. येथे 1 + cos θ कधीच ऋण होत नाही. केवळ 180° ला ते शून्यास स्पर्श करते आणि तेथे फासाऐवजी एक टोक उरते. म्हणून 0 ते 2π या सीमा निर्दोष ठरतात व क्षेत्रफळ 3πa²/2, म्हणजे ज्या वर्तुळापासून तो वक्र काढला त्याच्या नेमके सहापट येते.

या वक्रातही एक निराळी चूक संभवते. सममितीचा लाभ घेण्याच्या नादात 0 ते 90° चे क्षेत्र काढून त्याची चौपट केली जाते. हृदयाभ आडव्या अक्षाभोवती सममित आहे, उभ्या अक्षाभोवती नाही. त्यामुळे या रीतीने 4a² इतके अधिक क्षेत्र पदरात पडते. उत्तरात π सोबत एक सुटा पूर्णांक दिसू लागला की येथे शंका घ्यावी.

सर्वसाधारण वक्रासाठी पूर्ण फेऱ्याचे संकलन π(b² + d²/2) इतके असते, मग b मोठा असो वा लहान. सूत्राच्या रूपावरून खऱ्या-खोट्याचा भेद कळत नाही; तो r च्या चिन्हावरूनच कळतो, आणि त्यासाठी संकलनापूर्वी r = 0 हे समीकरण सोडवून कोणत्या दोन मुळांच्या दरम्यान r ऋण आहे हे पाहावे लागते. दुसरी कसोटी आकृतीवरची आहे : आत कोठेही एक बिंदू ठेवावा आणि घेतलेल्या सीमांत फिरणारी त्रिज्या त्यावरून किती वेळा जाते हे मोजावे. फासाच्या आतील बिंदूवरून ती दोनदा जाते, बाहेरील पट्ट्यातील बिंदूवरून एकदाच. b हळूहळू कमी करीत नेल्यास हा फास वाढत जातो, आणि b शून्य झाला की तो बाहेरच्या वेढ्याशी एकरूप होऊन केवळ r = d cos θ हे मूळ वर्तुळ उरते. तेव्हा पूर्ण फेऱ्याचे संकलन πd²/2 येते, खऱ्या क्षेत्रफळाच्या बरोबर दुप्पट. कारण ते वर्तुळ −90° ते 90° मध्येच पुरे झालेले असते व उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात बिंदू त्याच परिघावरून दुसरी प्रदक्षिणा घालतो.