हेतूवाचून घडलेला गुन्हा

खुनाची वार्ता कानी पडली की प्रथम तोंडून निघणारा प्रश्न "का मारले?" असाच असतो. मनुष्यस्वभावास अनुसरूनच हा प्रश्न आहे. कारणावाचून कार्य घडते ही कल्पनाच मनाला सहन होत नाही. मात्र न्यायासनापुढचा प्रश्न वेगळा असतो. कोणी मारले आणि मारताना त्याच्या मनाची अवस्था काय होती, एवढेच तेथे पाहावयाचे असते. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे ज्या खटल्यात हेतू सापडत नाही त्याविषयी लोक दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढून मोकळे होतात. कोणी म्हणतो, कारणच नाही, तेव्हा हे कृत्य या माणसाचे नव्हे. दुसरा म्हणतो, कारणावाचून मारतो तो वेडाच असला पाहिजे. या दोहोंपैकी एकही निष्कर्ष केवळ हेतूच्या अभावावरून काढता येत नाही, हे मुंबई इलाख्यातील व महाराष्ट्रातील जुन्या-नव्या खटल्यांवरून चांगले समजते.

आरंभी शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. हेतू आणि उद्देश हे शब्द बोलण्यात एकच समजले जातात. कायद्यात ते एक नाहीत. नाशिक येथे 21 डिसेंबर 1909 रोजी रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने कलेक्टर जॅक्सन यांच्यावर पिस्तूल झाडले. समोरचा मनुष्य मरावा, हा त्या क्षणीचा उद्देश. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा सूड घ्यावा, ही त्यामागची प्रेरणा म्हणजे हेतू. कान्हेरे यांचे जॅक्सनशी वैयक्तिक वैर काहीच नव्हते. तरी हेतू मात्र सर्वांना ठाऊक होता. आता क्षणभर असे कल्पावे की, ही प्रेरणा कोणासच कळली नसती. नाट्यगृह प्रेक्षकांनी भरलेले होते आणि मारेकरी जागच्या जागी पकडला गेला होता. तेव्हा हेतू अज्ञात राहिला असता तरी खटल्याच्या निकालात तिळमात्र फरक पडला नसता.

कायद्याची रचनाही अशीच आहे. 1860 च्या दंडसंहितेने खुनाची जी व्याख्या केली तीत ठार मारण्याचा उद्देश किंवा मृत्यू ओढवेल अशी जाणीव यांचा विचार होता, हेतूचा नव्हता. हेतूला स्थान मिळाले ते 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात, आठव्या कलमात. ज्या गोष्टीवरून हेतू अथवा पूर्वतयारी दिसून येते ती गोष्ट पुराव्यात घेता येईल, असे ते कलम सांगते. म्हणजे हेतू सिद्ध केलाच पाहिजे असे नव्हे. तो असल्यास न्यायाधीशाने ऐकून घ्यावा, इतकेच. 1 जुलै 2024 पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी नवे कायदे आले, तथापि हे तत्त्व जसेच्या तसे राहिले आहे.

मग हेतूच्या अभावास मुळीच महत्त्व नाही काय? आहे, पण ते पुराव्याच्या जातीवर अवलंबून असते. घाव घालताना पाहिलेला विश्वासू साक्षीदार असेल तर हेतूची चौकशी जवळजवळ निरर्थक ठरते. मात्र कोणीच काही पाहिलेले नसेल आणि परिस्थितीचे दुवे जोडूनच गुन्हा शाबीत करावयाचा असेल, तेव्हा हेतू हा त्या साखळीतील एक दुवा होतो. 1956 च्या नोव्हेंबरात पुण्यातील एक सधन विधवा डॉक्टर लागू यांच्यासमवेत रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाली. गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती, आणि लवकरच रुग्णालयात तिचे निधन झाले. शवपरीक्षेत विषाचा मागमूस आढळला नाही. इतर खटल्यांत एवढ्यावरच आरोपी सुटला असता. परंतु मृत्यूनंतर डॉक्टरांनी ती जिवंत असल्याचे भासवून, बनावट कागदपत्रांच्या साहाय्याने तिची मालमत्ता क्रमाक्रमाने आपल्या हाती आणली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये त्यांची फाशीची शिक्षा कायम केली, तिच्या मुळाशी हा द्रव्यलोभ व त्यानंतरचे वर्तन होते. येथून हेतू काढून टाकला तर साखळी तुटते. सारांश, जेथे इतर पुरावा दुबळा तेथे हेतूचा अभाव आरोपीच्या पारड्यात पडतो. जेथे तो पुरावा स्वतःच्या पायावर उभा आहे तेथे पडत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा रामन राघव. 1968 च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत निजलेली गोरगरीब माणसे रात्री एकामागून एक मारली जाऊ लागली. डोक्यावर कठीण बोथट हत्याराचा घाव, तोही झोपेत, असा एकच प्रकार सर्वत्र आढळे. लोक उघड्यावर झोपावयास धजेनात. मोहल्ल्यांतून काठ्या घेऊन पहारे बसले आणि कित्येक निरपराध फिरस्त्यांनी त्यात मार खाल्ला.

पोलीस तपासाची नित्याची वाट म्हणजे मृताच्या शत्रूंचा, वारसांचा, धनको-ऋणकोंचा शोध. ती वाट येथे पहिल्याच पावलावर बंद झाली. मेलेल्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, मारणाऱ्याशी ओळख नव्हती, आणि चोरीस जावे असे त्यांच्यापाशी फारसे नव्हतेच. 1965-66 मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूच्या उपनगरांत असाच प्रकार घडला होता. तेव्हाही रामन राघव हा फिरस्ता पोलिसांच्या हाती आला होता. परंतु पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावे लागले. हे पोलिसांनी लक्षात ठेवले आणि उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या हाताखालील मंडळींनी 'का' हा प्रश्न बाजूस ठेवून 'कोण' या प्रश्नाचा पाठपुरावा केला. 27 ऑगस्ट 1968 रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला ओळखले व अटक केली. त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. चष्मा, कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, चहाची पूड असा फुटकळ संसार त्याच्यापाशी निघाला. बोटांच्या ठशांवरून तो पोलीस दप्तरातील जुना इसम आहे हे निश्चित झाले.

पुढे त्याने कबुली दिली आणि हत्यार लपविल्याची जागा दाखविली. या ठिकाणी कायद्याची एक सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरताच भाग ग्राह्य धरतात. म्हणून मॅजिस्ट्रेटपुढे, विचार करण्यास अवसर देऊन, कबुली नोंदवावी लागते. आणि तिला बाहेरचा आधार आहे काय, हे न्यायालय पाहते. रक्ताचे डाग, हत्यार व जखमांचा एकसारखा नमुना हे तिघे जण एकच गोष्ट सांगत असतील, तर चौथा साक्षीदार म्हणून हेतूला बोलावण्याचे कारण उरत नाही. सेशन्स न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. पहिला निष्कर्ष, म्हणजे 'कारण नाही म्हणून गुन्हेगार नाही' हा, येथे निकालात निघाला.

राहिला दुसरा. कारणावाचून इतकी माणसे मारणारा वेडा नव्हे तर कोण, असे कोणासही वाटेल. पण न्यायालयांनी ही वाट पूर्वीच अडविली होती. 1886 मध्ये लक्ष्मण दगडू नामक इसमाचा खटला मुंबई हायकोर्टापुढे आला. तापाने अंथरुणास खिळलेल्या या माणसाने, मुलांच्या रडण्याचा त्रास होतो एवढ्यावरून, स्वतःच्या पोटच्या मुलांस कुऱ्हाडीने ठार केले. इतके क्षुल्लक कारण म्हणजे कारण नसल्यातच जमा. त्याने काही लपविले नाही; सरळ कबुली दिली. तरी तो त्या वेळी वातभ्रमात होता असे दिसत नव्हते. आपण काय करीत आहोत हे त्याला समजत होते. म्हणून कोर्टाने तो खुनाचा अपराधी ठरविला. 1972 मध्ये शेरअली वली महंमद विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र स्पष्ट केले. पत्नी व अपत्य यांना मारण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, अथवा आरोपी पळून गेला नाही, एवढ्यावरून तो वेडा होता असे मानता येणार नाही. वेडाचा पुरावा गुन्ह्याच्या भीषणतेतून काढावयाचा नसतो. तसे झाले तर जितका गुन्हा अमानुष तितकी सुटका सोपी, असा विपरीत न्याय होईल. वेड सिद्ध करावयाचे ते आरोपीच्या पूर्वीच्या, त्या वेळच्या व नंतरच्या वर्तनावरून आणि वैद्यांच्या परीक्षेवरून.

रामन राघवच्या बाबतीत हीच कसोटी लागली. 1969 च्या जून-जुलैत पोलीस सर्जननी त्याला जवळजवळ महिनाभर नजरेखाली ठेवले आणि तो वेडा नाही असा अभिप्राय दिला. हायकोर्टाने मात्र फाशी कायम करण्यापूर्वी तीन मानसरोगतज्ज्ञांचे मंडळ नेमविले. त्यांनी पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, त्याच्याशी संभाषण केले. आपण राहतो ते जग वेगळे व 'कानून'चे जग वेगळे, आपण त्या 'कानून'चे प्रतिनिधी, आणि लोक आपल्याविरुद्ध कारस्थाने करीत आहेत, अशा दृढ भ्रमांत तो वावरत असल्याचे त्यांस आढळले. जुनाट स्वरूपाचा भ्रमयुक्त स्किझोफ्रेनिया हे त्यांचे निदान. आपण मारीत आहोत हे त्याला कळत होते. ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हते, असे त्यांचे मत पडले. त्याचा दोष पुसला गेला नाही. परंतु 1987 मध्ये हायकोर्टाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. येरवड्याच्या तुरुंगात असताना 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो वारला.

या निकालाचा पाया नीट पाहिला पाहिजे. शिक्षा बदलली ती हेतू सापडला नाही म्हणून नव्हे, तर रोग सापडला म्हणून. तज्ज्ञांच्या त्या दहा तासांच्या संभाषणाने जे सिद्ध केले ते हेतूच्या अभावाने कधीच सिद्ध झाले नसते. आणि तोच हेतूचा अभाव त्याच्या कपड्यांवरील रक्त पुसावयासही समर्थ नव्हता. हेतू नसणे ही न्यायाधीशाला अधिक सावधपणे पुढचे पाऊल टाकावयास लावणारी खूण आहे. ते पाऊल कोणत्या दिशेस पडावे, हे मात्र उरलेला पुरावाच ठरवितो.