गळपट्टी (होजिअरी कापडाची)
टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कपड्याच्या गळ्याची कड झाकण्यासाठी त्याच कापडाची लावलेली पट्टी. ती कापड सर्वाधिक ताणले जाते त्या, म्हणजे बहुधा आडव्या, दिशेने कापतात. पट्टीची दुमड शिलाईच्या आत, लहान घेरावर बसते. म्हणून पट्टी आखूड हवी. गळ्याचा घेर 56 सेंमी असल्यास सुमारे 50 सेंमी पट्टी, जोडाची माया वेगळी. शिवताना फक्त पट्टी ताणावी, गळा कधीही नाही. समोरच्या गोलाईत जास्त, खांद्यांजवळ कमी. बॉलपॉइंट सुई आणि बारीक झिगझॅग टाका वापरावा. कड लाटेसारखी उठली तर पट्टी लांब झाली किंवा गळाच ताणला गेला. गळ्याला चुण्या पडल्या तर पट्टी फार आखूड. किरकोळ लाट वाफेच्या इस्त्रीने बसते, मोठी उसवावीच लागते.