टोपणनावामागची ओळख: ती कशामुळे झाकलेली राहते आणि कुठे उघडी पडते

चर्चास्थळावर टोपणनावाने लिहिणारा सदस्य निनावी नसतो. त्याला नाव असते, जुने लेखन असते, मित्र आणि विरोधकही असतात. फक्त हे सारे त्याच्या पारपत्रावरील नावाशी जोडलेले नसते. निनावीपणा आणि टोपणनाव यांतला हा फरक महत्त्वाचा आहे, कारण टोपणनावाचे संरक्षण एका ‘न जुळलेल्या दुव्यावर’ उभे असते.

हा दुवा कसा असतो, ते कायझर्सलाउटर्नमधील एका काल्पनिक सदस्याच्या उदाहरणाने पाहू. तो घरच्या इंटरनेट जोडणीवरून एका मराठी चर्चास्थळावर लिहितो. चर्चास्थळाच्या चालकाकडे त्याचे टोपणनाव, ईमेल, लेखनाची वेळ आणि त्या वेळचा आयपी पत्ता एवढीच माहिती असते. खरे नाव नसते. उलट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे करारावरचे नाव, घरचा पत्ता आणि कोणत्या वेळी कोणता आयपी दिला होता ही नोंद असते. पण त्या ग्राहकाने कुठे काय लिहिले हे तिच्या नोंदीत नसते. थोडक्यात, माहितीचे दोन खण दोन वेगळ्या कपाटांत आहेत. दोन्ही खण एकत्र उघडले, तरच टोपणनावापासून घरापर्यंत पोहोचता येते.

दुसऱ्या खणातील नोंद फार काळ टिकत नाही, हे जर्मनीतील संरक्षणाचे एक मोठे कारण आहे. तांत्रिक बिघाड शोधण्यासाठी कंपनीने या नोंदी सात दिवस ठेवण्यास जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, म्हणजे बुंडेसगेरिख्ट्सहोफने, 2014 मध्ये मान्यता दिली. सर्वच ग्राहकांच्या नोंदी सरसकट साठवण्याची सक्ती करणारा जर्मन कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याचे युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये ठरवले. त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या लेखनाचा आयपी हाती आला, तरी तो कोणाचा होता हे सांगणारी नोंद बहुधा पुसली गेलेली असते. भारतात चित्र वेगळे आहे. ‘सर्ट-इन’ने एप्रिल 2022 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी 180 दिवसांच्या नोंदी ठेवायच्या आहेत आणि व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपायची आहे. म्हणून एकाच चर्चास्थळावर नाशिकहून लिहिणाऱ्याला आणि कायझर्सलाउटर्नहून लिहिणाऱ्याला मिळणारे संरक्षण सारखे नसते.

नोंद शिल्लक असली तरी ती नेहमीच नेमकी नसते. अनेक यंत्रांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणारी ‘नॅट’ ही पद्धत 1994 मध्ये मांडली गेली. तिच्या दोन लेखकांपैकी पॉल फ्रान्सिस पुढे कायझर्सलाउटर्नमधील माक्स प्लांक सॉफ्टवेअर प्रणाली संस्थेत संशोधक झाले आणि माहितीसाठ्यातील व्यक्ती ओळखू येऊ नयेत या प्रश्नावर त्यांनी काम केले. नॅटचा मूळ हेतू ओळख लपवण्याचा नव्हता. आयपी पत्ते अपुरे पडत होते. परंतु आज काही कंपन्या अनेक घरांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. अशा वेळी पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर घर निश्चित करता येत नाही. नोंदीतील वेळ जर्मन आहे की जागतिक प्रमाणवेळ, यात गफलत झाली तर भलत्याच घराचे नाव पुढे येते. घर बरोबर सापडले तरी करारावर नाव एकाचे आणि लिहिणारा दुसरा, असेही घडते.

हे दोन खण कोण एकत्र उघडू शकतो, हे कायदा ठरवतो. सेवेचा वापर टोपणनावाने करू देणे, जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि रास्त असेल तिथे, जर्मन कायद्याने सेवाचालकावर बंधनकारक केले आहे. 1 जुलै 2014 रोजी बुंडेसगेरिख्ट्सहोफपुढे एका डॉक्टरचे प्रकरण होते. परीक्षण-संकेतस्थळावर कोणीतरी त्यांच्याविषयी वारंवार खोटी विधाने केली होती. विधाने काढून टाकण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पण लिहिणाऱ्याची नोंदणी-माहिती देण्यास कायद्यात आधार नाही, असे सांगितले. ही पोकळी 2017 मध्ये भरली गेली. आता बदनामी किंवा अपमान यांसारख्या ठरावीक गुन्ह्यांच्या कक्षेत लेखन येत असेल, तर पीडित व्यक्ती न्यायालयाच्या आदेशाने नोंदणी-माहिती मिळवू शकते. पोलिसांना तपासासाठी स्वतंत्र अधिकार आहेत. केवळ कठोर टीका मात्र यासाठी पुरेशी नाही.

तथापि टोपणनाव बहुतेक वेळा न्यायालयात फुटत नाही; ते वाचकांसमोर फुटते, आणि त्यासाठी आयपीची गरजही लागत नाही. वरील सदस्याने वर्षभरात चार निरुपद्रवी गोष्टी लिहिल्या असे समजा: तो कायझर्सलाउटर्नला राहतो, विद्यापीठात संशोधन करतो, मूळचा अकोल्याचा आहे आणि त्याची मुलगी यंदा शाळेत जाऊ लागली. शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख. पहिली गोष्ट लाखभर लोकांना लागू पडते. पण ती मराठीत लिहिलेली असल्याने उमेदवार क्षणात मूठभर उरतात. विद्यापीठाचा उल्लेख ती मूठ आणखी लहान करतो, आणि अकोला व मुलगी मिळून बहुधा एकच घर शिल्लक राहते. अमेरिकेत लॅटानिया स्वीनी यांनी 2000 मध्ये दाखवले होते की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात. परदेशातील लहान भाषिक समूहात याहून कमी माहिती पुरते.

न सांगितलेल्या गोष्टीही बोलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे एक तास पुढे जातात, भारतातील जात नाहीत. रोज जर्मनीत रात्री नऊला लिहिणाऱ्याचे लेखन हिवाळ्यात भारतीय वेळेनुसार दीडला दिसते आणि एप्रिलपासून साडेबाराला. वर्षभराच्या वेळा मांडल्या तर ही पायरी स्पष्ट दिसते आणि लेखक युरोपात असल्याचा अंदाज बांधता येतो. लेखनशैलीचेही तसेच. ‘करुन’ आणि ‘करून’ यांतली निवड, स्वल्पविरामाआधी सोडलेली जागा, ‘होऊन राहिलं’सारखा वऱ्हाडी प्रयोग या सवयी नव्या टोपणनावासोबत बदलत नाहीत. 2012 मधील एका संशोधनात एक लाख लेखकांच्या अनुदिन्यांतून निव्वळ शैलीवरून सुमारे 20 टक्के वेळा योग्य लेखक ओळखता आला. हे प्रमाण पुरावा म्हणून अपुरे आहे. पण संशयित दहाच असतील, तर तीच पद्धत फार धारदार होते. डुआयडी ओळखणारे जुने सदस्य हेच काम नजरेने करत असतात.

यावरून संरक्षणाची मर्यादा ठरते. व्हीपीएनमुळे चर्चास्थळाला घरचा आयपी दिसत नाही. तो आता व्हीपीएन कंपनीला दिसतो, म्हणजे खण फक्त दुसऱ्या कपाटात जातो. मजकुरातील अकोला, मुलगी आणि विद्यापीठ मात्र तिथेच राहतात. तेच टोपणनाव किंवा तोच ईमेल अन्यत्र खऱ्या नावाशेजारी वापरला असेल, तर साध्या शोधानेही दुवा जुळतो. मागाहून लेखन पुसले तरी इतरांनी उद्धृत केलेल्या ओळी आणि संग्रहित प्रती उरतात. म्हणून ज्याला आपली नोकरी, व्हिसा किंवा कुटुंब जपायचे आहे, त्याने प्रत्येक नव्या तपशिलाकडे एकट्याने पाहू नये. आधीच्या सगळ्या तपशिलांसोबत तो किती लोकांना लागू पडेल, हे मोजावे.